दवाखान्यात न आलेल्या बायका : एका संशोधन-निवेदनाची प्रस्तावना

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून काही लाख माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती बहुतेक वेळा नवरा-बायको मिळून एक कोयता अशा हिशेबाने असते. त्यामुळे बाई आजारी पडली की एका माणसाचे नव्हे, साऱ्या कोयत्याचे काम अडते. कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, उन्हाळा-पावसाळा गावात जातो आणि पुन्हा उचल घेतली जाते. पुढील निवेदन ज्या प्रश्नाविषयी आहे, तो या वर्षचक्रात जगणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाचा आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझी व्यवसायातली बहुतेक वर्षे याच जिल्ह्यात गेली. आता दवाखाना बंद करून मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी.साठी प्रवेश घेत आहे. पुढे छापलेले निवेदन त्या प्रवेशासाठी लिहिलेले आहे. अशी निवेदने विद्यापीठाच्या कपाटात राहतात आणि ज्यांच्याविषयी ती लिहिलेली असतात त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते मराठीत आणि प्रस्तावनेसह देत आहे. वाचकांनी वैद्यकशास्त्र शिकलेले असावे अशी अपेक्षा नाही. एखादा आकडा ऐकला की तो कोणाकोणाला मोजून आला, एवढे विचारण्याची सवय असली तरी पुरे.

प्रश्नाची पार्श्वभूमी अनेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. 2019 च्या उन्हाळ्यात बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये विधिमंडळात माहिती देण्यात आली, की 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर शंभरांत सुमारे 17 असे हे प्रमाण होते.

हे दोन आकडे वेगवेगळ्या जातीचे आहेत. 4,605 ही शस्त्रक्रियांची संख्या आहे. जिल्ह्यातल्या किती बायकांमागे त्या झाल्या आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती ऊसतोडीला जाणाऱ्या होत्या, हे त्या संख्येतून कळत नाही. दुसऱ्या आकड्याला मात्र छेद आहे : इतक्या बायकांपैकी इतक्या. म्हणून तो अधिक मोलाचा. त्यामागे आशाताई आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी दारोदार जाऊन केलेले काम आहे, आणि एका जिल्ह्यात एका कामगारवर्गाची एवढी मोठी मोजणी होणे ही साधी गोष्ट नाही.

साहजिकच हे 17 टक्के देशाच्या आकड्याशेजारी ठेवले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत गर्भाशय काढण्याविषयी प्रथमच सविस्तर प्रश्न विचारले गेले. 15 ते 49 या वयोगटातल्या सुमारे 3 टक्के स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे त्यात दिसले. 3 आणि 17 शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. पण संशोधकाने इथे थांबायला हवे. राष्ट्रीय आकड्याच्या छेदात पंधरा-सोळा वर्षांच्या अविवाहित मुलीही आहेत, आणि त्यांच्यात अशी शस्त्रक्रिया जवळपास नसतेच. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत अशा मुली कमी असतात आणि पन्नाशी ओलांडलेल्याही असतात.

यामुळे किती फरक पडतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, विशीतल्या शंभर बायकांपैकी एकीची, तिशीतल्या शंभरांपैकी 10 जणींची आणि चाळिशीतल्या शंभरांपैकी 25 जणींची पिशवी काढलेली आहे, आणि हे प्रमाण दोन गावांत अगदी सारखे आहे. पहिल्या गावात तिन्ही वयांच्या बायका सारख्याच संख्येने आहेत. तिथे एकूण प्रमाण 12 टक्के येईल. दुसऱ्या गावात निम्म्या बायका विशीतल्या, तीस टक्के तिशीतल्या आणि वीस टक्के चाळिशीतल्या आहेत. तिथे ते साडेआठ टक्के येईल. दोन्ही गावांतल्या एकाच वयाच्या दोघी घेतल्या तर त्यांची जोखीम सारखीच आहे, तरी गावांचे आकडे वेगळे दिसतात. बीडचा फरक केवळ वयामुळे आहे असे मी सुचवत नाही. 3 आणि 17 मधली दरी एवढी मोठी आहे, की ती सगळी वयाने भरून निघेल असे मला वाटत नाही. पण वय बाजूला काढल्यावर किती उरते, हे मोजल्याशिवाय पुढचे कोणतेही कारण सांगणे घाईचे ठरेल.

आता हा प्रश्न दवाखान्यात बसून का सुटत नाही, ते सांगायला हवे. व्यवसायात असताना माझ्यासमोर पस्तिशीच्या आतल्या अशा अनेक बायका येत, ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असे आणि तक्रार कंबरदुखीची, अंगातून वाफा निघाल्यासारखे होण्याची किंवा झोप न लागण्याची असे. त्यांच्या गावच्या, त्यांच्याच वयाच्या, पिशवी शाबूत असलेल्या बायका मात्र माझ्याकडे क्वचितच येत. शस्त्रक्रियेनंतर ठणठणीत असलेल्या बायकांना माझ्याकडे येण्याचे कारणच नव्हते. म्हणजे माझ्याजवळ अंश होता आणि छेद नव्हता. डॉक्टरचा अनुभव कितीही दीर्घ असला, तरी तो आलेल्यांचा अनुभव असतो. प्रश्नाचे उत्तर मात्र न आलेल्यांकडे असते.

या वाटेने आधी जाऊन आलेली माणसे महाराष्ट्रातच आहेत, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर न थांबता त्यांनी गावांतल्या 13 वर्षांपुढच्या स्त्रियांना तपासणीसाठी बोलावले आणि 650 जणींची तपासणी झाली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार होता. 45 टक्के स्त्रियांनी आपल्याला काहीच त्रास नाही असे सांगितले होते. याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. आढळलेल्या आजारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. दवाखान्यात येणाऱ्यांची कितीही काळजीपूर्वक नोंद ठेवली असती, तरी यांतला एकही आकडा हाती आला नसता.

माझ्या प्रश्नासाठी या अभ्यासातून दोन गोष्टी मिळतात. पहिली, ग्रामीण बाईला अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे हे त्रास मोठ्या प्रमाणावर असतात. ऊसतोडीला न जाणाऱ्या बाईलाही ते असतात. दुसरी, त्यांतला बराच भाग गोळ्यांनी बरा होण्याजोगा असतो. म्हणून 'ऊसतोड बायकांना त्रास असतो, म्हणून पिशव्या काढल्या जातात' हे उत्तर अपुरे पडते. त्रास तर शेजारणीलाही आहे. त्रासापासून शस्त्रक्रियेपर्यंतची वाट हिच्या बाबतीत का वेगळी होते, किंवा ती मुळात दोघींच्या बाबतीत सारखीच तर नाही ना, हा खरा प्रश्न आहे. माझ्या निवेदनाचा गाभा एवढाच आहे.

या वाटेविषयी जिल्ह्यात तीन स्पष्टीकरणे ऐकू येतात. पहिले शरीराचे. पहाटेपासून वाकून तोड करायची, जड मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, बाळंतपणानंतर लवकर कामाला लागायचे, कोपीवर न्हाणीची सोय नाही, पाळीतले कपडे धुवायला-वाळवायला जागा नाही. त्यामुळे संसर्ग होतो, अंग बाहेर येते आणि शेवटी पिशवी काढावी लागते. दुसरे कराराचे. उचल फेडायची आहे, खाडा परवडत नाही, दर महिन्याला चार दिवस त्रास होणारी बाई कोयत्याला जड जाते. म्हणून कधी मुकादमाच्या सांगण्यावरून, कधी घरच्यांच्या आणि कधी तिच्या स्वतःच्या विचाराने कायमचा उपाय केला जातो. तिसरे उपचाराच्या बाजाराचे. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नाही, खासगीत सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे सांगितले जाते आणि घाबरलेले कुटुंब उसने पैसे काढून शस्त्रक्रिया करते.

ही तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. पण प्रत्येक कारण नोंदींमध्ये वेगळी खूण ठेवून जाते, आणि त्या खुणा शोधता येतात. वाचकांनी निवेदनाचा हा भाग थोडा सावकाश वाचावा.

शरीराचे कारण प्रमुख असेल, तर जितके जास्त हंगाम तितकी जास्त जोखीम असे दिसायला हवे. त्याच वयाच्या दोघींपैकी बारा हंगाम केलेलीची शस्त्रक्रिया तीन हंगाम केलेलीपेक्षा अधिक वेळा झालेली असेल. शस्त्रक्रियेची कारणेही अंग बाहेर येणे किंवा दीर्घ संसर्ग अशी नोंदलेली असतील. कराराचे कारण प्रमुख असेल, तर हंगामांच्या संख्येपेक्षा शस्त्रक्रियेचा महिना अधिक बोलेल. मे ते सप्टेंबर या गावी असण्याच्या काळात, विशेषतः उचल हातात आल्यानंतर आणि टोळी निघण्यापूर्वी, शस्त्रक्रियांची गर्दी दिसेल. इथे एक खबरदारी हवी. पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया लोक सवडीनेच करतात, आणि शेतकरी कुटुंबही सुगी टाळते. म्हणून त्याच गावातल्या, ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांच्या शस्त्रक्रियांचे महिनेही मोजायचे. दोघींचे चढउतार सारखे निघाले, तर ती गर्दी कराराची साक्ष ठरणार नाही. आणि बाजाराचे कारण प्रमुख असेल, तर गावात राहणाऱ्या शेजारणीचे प्रमाणही चढेच निघेल, आणि फरक ऊसतोड करणाऱ्या व न करणाऱ्या बायकांमध्ये दिसण्याऐवजी एका बाजारपेठेच्या भोवतीची गावे आणि दुसऱ्या बाजारपेठेच्या भोवतीची गावे यांच्यात दिसेल.

याच तऱ्हेची तुलना गुजरातमध्ये झालेली आहे. अहमदाबादच्या 'सेवा' या स्त्री-कामगार संघटनेच्या आरोग्यविमा योजनेत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे दावे फार येऊ लागले. विमा आहे म्हणून शस्त्रक्रिया होतात, असा निष्कर्ष लगेच काढता आला असता. त्याऐवजी तिथल्या कार्यकर्त्या-संशोधकांनी विमा नसलेल्या स्त्रियांचीही पाहणी केली, आणि त्यांच्यातही प्रमाण चढेच आढळले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने विम्यापलीकडची कारणे शोधायला लावली. बीडमध्ये विम्याच्या जागी ऊसतोड ठेवली, तर माझा आराखडा बराचसा त्याच मापाचा आहे.

आता एका बाईची कहाणी नोंदीत कशी उतरते ते पाहू. ही बाई कल्पित आहे, पण तिच्या आयुष्यातली एकही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. तिचे वय 36. पंधराव्या वर्षी लग्न, दोन बाळंतपणे, एकविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. पुढे अंगावरून पांढरे जाऊ लागले, कंबर दुखू लागली, मग पिशवी काढली. ऊसतोडीला ती 'बरीच वर्षे' जाते. ती ऊसतोडीला आधी जाऊ लागली की पिशवी आधी काढली गेली? तुम्ही तिला सरळ वर्ष विचारलेत तर ती अंदाजाने काहीतरी सांगेल, आणि त्या अंदाजावर सगळा कार्यकारणभाव उभा राहील. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठीच ती पहिल्यांदा टोळीत गेली असेल, तर ऊसतोड हे शस्त्रक्रियेचे कारण नसून परिणाम आहे. केवळ आजची स्थिती नोंदवणाऱ्या पाहणीत हा उलटा क्रम ओळखता येत नाही.

त्यासाठी आयुष्याचे कॅलेंडर मांडण्याची पद्धत वापरतात. कागदावर वर्षांचे रकाने आखायचे आणि बाईला नक्की आठवणाऱ्या घटना आधी भरायच्या : मुलांचे जन्म, सासऱ्यांचे निधन, घराचे पत्रे बदलले ते वर्ष. मग साऱ्या भागाला ठाऊक असलेल्या खुणा : लातूरला रेल्वेने पाणी आले तो 2016 चा उन्हाळा, टाळेबंदीत टोळ्या कारखान्यांवर अडकल्या तो 2020 चा मार्च. या खुंट्यांवर बाकीच्या घटना टांगायच्या. 'पिशवी काढली तेव्हा धाकटा शाळेत जात होता का?' 'त्या वर्षी कोणत्या कारखान्यावर होतात?' असे विचारत गेले, की वर्षच काय, बहुतेक वेळा महिनाही सापडतो. आपल्या कल्पित बाईचा पट असा भरला, की ती सतराव्या वर्षी पहिल्यांदा फडात गेली, अकरा हंगाम झाल्यावर 28 व्या वर्षी जुलै महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळीनंतर ती पुन्हा टोळीत होती, असे दिसते. एका बाईच्या या ओळीवरून काहीच सिद्ध होत नाही. अशा हजारभर ओळी एकाखाली एक आल्या, की वर सांगितलेल्या खुणा दिसू लागतात किंवा दिसत नाहीत.

किती ओळी लागतील, याचाही हिशेब निवेदनात दिला आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांत 16 टक्के आणि त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, ऊसतोड न करणाऱ्या बायकांत 11 टक्के प्रमाण आहे असे गृहीत धरू. यांतला 11 चा आकडा केवळ गृहीत आहे. खरा आकडा कोणाकडेच नाही, आणि तोच शोधायचा आहे. एवढा फरक योगायोगाने दिसलेला नाही असे पुरेशा खात्रीने म्हणायचे, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात सुमारे 730 बायका लागतात. पण एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्या एकाच दवाखान्यात जातात, एकमेकींचे ऐकून निर्णय घेतात. म्हणून ही संख्या दीडपट करावी लागते. दोन्ही गटांत प्रत्येकी 1,100 धरून मी हे काम आखले आहे. 82,309 च्या तुलनेत ही संख्या लहान आहे, पण मोठ्या पाहणीत नसलेली शेजारीण हिच्यात आहे.

निवेदनातला सर्वांत अवघड शब्द 'अनावश्यक' हा आहे, आणि तो वापरताना वाचकांनी माझ्याइतकेच सावध असावे. मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, पूर्ण बाहेर आलेले अंग किंवा कर्करोग असेल, तर गर्भाशय काढणे हा योग्य उपचार असू शकतो आणि कधी त्याने बाईचा जीवही वाचतो. केवळ पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण होत नाही. तपासणी करून, संसर्ग ओळखून, औषधे द्यावी लागतात, आणि गरज असेल तर नवऱ्यालाही द्यावी लागतात. पाळीत जास्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि वयानुसार अस्तराचा तुकडा तपासणे, मग काही महिने गोळ्या किंवा हार्मोन सोडणारे गर्भाशयात बसवण्याचे साधन, आणि या सगळ्याने न भागल्यास शस्त्रक्रिया असा क्रम आहे. म्हणून एखादी शस्त्रक्रिया योग्य होती का, हे ठरवताना मी पाहणार आहे, की या पायऱ्यांपैकी कोणत्या चढल्या गेल्या आणि त्याचा कागद आहे का.

काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, अहवाल हा उत्तम पुरावा असे अनेकांना वाटते. त्याचीही मर्यादा आहे. अहवालात 'दोष आढळला नाही' असे असले, तरी शस्त्रक्रिया अनावश्यक ठरत नाही. औषधांना न जुमानणारा रक्तस्राव पूर्णपणे निरोगी दिसणाऱ्या गर्भाशयातूनही होतो. उलट किरकोळ सूज तर अनेक गर्भाशयांत सापडते, म्हणून ती लिहिलेली असली की शस्त्रक्रिया योग्य ठरते असेही नाही. त्यामुळे मी तीनच कप्पे केले आहेत : कागदांवरून कारण पटते, कागदांवरून कारण पटत नाही, आणि ठरवण्याइतके कागदच नाहीत. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या कप्प्यात जाते, हे दोन तज्ज्ञ एकमेकांचे मत न पाहता ठरवतील आणि त्यांना बाई ऊसतोडीला जाते की नाही हे सांगितले जाणार नाही. तिसरा कप्पा सर्वांत मोठा निघेल असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर तोही निष्कर्षच असेल.

एक गोष्ट मात्र कागद नसले तरी शोधता येते आणि बाईच्या पुढच्या आयुष्यासाठी तिला फार महत्त्व आहे : शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले का? अनेकींना हे सांगितलेलेच नसते. बीजकोश काढले असतील तर तिशीतच पाळी जाण्यानंतरची स्थिती सुरू होते. हाडे लवकर ठिसूळ होतात, वाफा येतात, झोप उडते. बीजकोश ठेवले असले तरी ते काही वर्षे लवकर थकू शकतात. सोनोग्राफी आणि रक्तातल्या हार्मोनची तपासणी यांवरून याचा बराच अंदाज येतो. ज्यांच्यात अशी स्थिती आढळेल त्यांच्या उपचाराची व्यवस्था आधी लावूनच मी मोजणीला बाहेर पडणार आहे. नाव-गाव लिहून घ्यायचे आणि आजार सापडल्यावर निघून यायचे, हे संशोधनाच्या नीतीत बसत नाही.

माझ्या स्वतःच्या स्थानाविषयीही स्पष्ट असले पाहिजे. ज्या भागात माझा दवाखाना होता ती गावे मी अभ्यासातून वगळली आहेत. ओळखीच्या डॉक्टरसमोर बाई डॉक्टरला बरे वाटेल ते बोलते, आणि उपचार करणाऱ्याच हातांनी त्या उपचारांचा न्यायनिवाडा करू नये. प्रश्न विचारायला त्याच भागातल्या, पण त्या गावांच्या नसलेल्या बायका जातील. मुकादमाच्या किंवा घरच्या पुरुषांच्या समोर मुलाखत होणार नाही. कोणत्याही दवाखान्याचे किंवा बाईचे नाव प्रबंधात येणार नाही. काही बायका तरीही बोलणार नाहीत, आणि उचल बंद होईल या भीतीने काही खोटेही सांगतील. ज्या मरण पावल्या किंवा कायमच्या गाव सोडून गेल्या, त्या मोजणीत येणारच नाहीत. या उणिवा निवेदनात झाकलेल्या नाहीत. आलेला आकडा त्यांच्यामुळे कोणत्या दिशेला झुकेल, ते प्रत्येक उणिवेसमोर लिहिले आहे.

या अभ्यासाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर उत्तर धोरणापाशी आहे. 2019 नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अमलात आणण्यास राज्यांना सांगितले. हे उपाय मुख्यतः उपचाराच्या बाजाराला आवर घालणारे आहेत. मूळ कारण करारात असेल, तर परवानगीच्या अटीने शस्त्रक्रिया शेजारच्या जिल्ह्यात सरकेल, आणि खरा उपाय आजारपणाच्या भरपगारी रजेत व खाड्याच्या दंडावरील बंदीत असेल. कारण शरीरात असेल, तर कोपीवर पाणी, न्हाणी आणि हंगामात फिरता दवाखाना लागेल. तिन्हींवर थोडा थोडा खर्च करण्यापेक्षा कोणत्या कारणाचा वाटा किती, हे आधी कळावे एवढाच प्रबंधाचा हेतू आहे.

निवेदन वाचताना तुम्ही क्रम बदललात तरी चालेल. आकड्यांची आवड नसेल तर मुलाखतीचे प्रश्न आधी वाचा. ते साध्या बोलीत आहेत आणि त्यांवरून बाकीचे समजते. तुम्ही डॉक्टर असाल तर तीन कप्प्यांचे निकष तपासा आणि चूक दिसली तर कळवा, कारण मोजणी सुरू झाल्यावर निकष बदलता येत नाहीत. आणि तुम्ही कोणीही असा, आपल्या घरात, शेजारात, शेतावर कामाला येणाऱ्या कुटुंबात एखादीची पिशवी काढलेली असेल, तर तिचे डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा कागद आणि पॅथॉलॉजीचा अहवाल जपून ठेवायला सांगा. हे कागद दवाखान्याकडून मागून घेण्याचा तिला हक्क आहे. पुढे कोणत्याही डॉक्टरला तिच्यावर नीट उपचार करायचे असतील, तर ते लागणारच आहेत.